आईच्या आधारवरचा बाबांचा नंबर

आईला एकच मोबाइल नंबर तोंडपाठ आहे, तो बाबांचा. स्वतःचा विचारला की ती पर्समधली चिठ्ठी काढते. बाबा २०२१ मध्ये गेले. दीड-दोन वर्षांनी आई आमच्याकडे राहायला आली. तिकडचं घर बंद झालं, तिचं पेन्शनचं खातं मात्र जुन्याच शाखेत राहिलं. ते इकडच्या शाखेत आणायचं ठरवलं, तेव्हा बँकेतली बाई म्हणाली, "पत्ता बदलून आणा आधारवर, मग करते." नोव्हेंबर २०२४ मधली ही गोष्ट. मला वाटलं, संध्याकाळी घरी बसून होईल. आधारचा पत्ता ऑनलाइन बदलता येतो, मी माझा स्वतःचा तसाच बदलला होता.

myaadhaar.uidai.gov.in उघडलं, आईचा बारा आकडी नंबर टाकला, ओटीपी पाठवला असं स्क्रीनवर आलं. आईच्या फोनवर काहीच आलं नाही. पुन्हा पाठवला. पुन्हा काही नाही. तिसऱ्या वेळी मला शंका आली आणि मी आईला विचारलं, "आधार काढलं तेव्हा नंबर कुणाचा दिला होता?"

"ह्यांचाच. माझ्याकडे कुठे होता फोन तेव्हा?"

आपल्याला आठवतंय त्यावर विसंबायचं नसेल तर खात्री करायची एक सोपी सोय त्याच साइटवर आहे, आणि तिथे लॉगिन लागत नाही. `Check Aadhaar Validity` मध्ये आधार नंबर टाकला की वयोगट, स्त्री की पुरुष, राज्य आणि जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. पूर्ण नंबर दाखवत नाहीत, पण तीन आकड्यांवरून घरातल्या माणसाला कळतं. आईला ते तीन आकडे वाचून दाखवले. तिने त्याआधीचे सात आकडे म्हणून दाखवले.

बाबांचं सिम कपाटात एका डबीत होतं. ते गेल्यावर रिचार्ज करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. प्रीपेड नंबर नव्वद दिवस वापरलाच नाही आणि त्यात थोडीही शिल्लक नसेल तर कंपनी तो बंद करू शकते. बंद झालेला नंबर आणखी किमान नव्वद दिवस कुणाला देत नाहीत, त्यानंतर तो नव्या गिऱ्हाइकाला मिळतो. म्हणजे आमच्या बाबतीत सगळ्या मुदती उलटून तीन वर्षं झाली होती. सिम हरवलं किंवा चोरीला गेलं असतं आणि नंबर चालू असता, तर मार्ग अगदीच वेगळा होता. ज्याच्या नावावर नंबर आहे त्याने ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात जायचं आणि त्याच नंबरचं दुसरं सिम काढायचं. मग आधारला हात लावायची गरजच नसते. फक्त नवं सिम चालू झाल्यावर पहिले चोवीस तास त्यावर एसएमएस येत नाहीत. ही मुद्दाम घातलेली अट आहे, सिम पळवून लगेच ओटीपी मिळवणाऱ्यांसाठी. त्यामुळे त्या दिवशी ओटीपी आला नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. पण आमचा नंबर नुसता बंद नव्हता. मी तो सहज लावून पाहिला, तर रिंग वाजली.

एका तरुण मुलाने फोन उचलला. मी कोण, कुठून बोलते ते सांगितलं आणि विचारलं की आत्ता तुमच्याकडे ओटीपी आले का.

"तीन आले ताई. मला वाटलं स्कॅम आहे, म्हणून मी बघून सोडून दिले."

मुलगा शहाणा निघाला. सव्वा वर्षापूर्वी हा नंबर त्याला नवीन म्हणूनच मिळाला होता. आधारच्या ओटीपीच्या मेसेजमध्ये आधार नंबरचे शेवटचे चार आकडेही असतात, ते त्याने मला वाचून दाखवले आणि ते आईचेच होते. मग मी विचारलं, आणखी काय काय येतं? तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "बँकेचे पण येतात. महिन्याच्या सुरुवातीला पैसे जमा झाल्याचा येतो एक."

मी पुढे ऐकत होते, पण कान तिथेच अडकले. आईचं पेन्शन किती जमा होतं, शिल्लक किती उरते, हे एका अनोळखी मुलाला सव्वा वर्ष दर महिन्याला कळत होतं, आणि आम्हाला तो मेसेज येत नाही हे आमच्या लक्षातही आलं नव्हतं.

त्याने आपणहून विचारलं, "मी ओटीपी सांगू का? तुमचं काम होऊन जाईल." आई शेजारीच होती. ती म्हणाली, "अगं सांगू दे की त्याला, बिचारा मदत करतोय." आणि खरं सांगायचं तर त्याने ओटीपी सांगितला असता तर लॉगिन झालंच असतं. ओटीपी दहा मिनिटं चालतो, तेवढ्यात अर्ज भरूनही झाला असता. मी नाही म्हटलं. एक म्हणजे पत्ता बदलला तरी नंबर त्याच्याकडेच राहणार, आणि पुढच्या प्रत्येक कामाला मी त्याच्या दारात. दुसरं म्हणजे माझी मलाच भीती वाटली. मी त्याला ओटीपी मागायला लागले की उद्या कुणीही असाच फोन करून त्याच्याकडून ओटीपी घेऊ शकेल, आणि त्याला त्यात वावगं वाटणार नाही. त्याला एवढंच सांगितलं की कुणालाच सांगू नका, अगदी मलासुद्धा, आम्ही नंबर बदलून घेतो. आईचा पूर्ण आधार नंबर मी त्याला एकदाही सांगितला नाही. सिम त्याच्या हातात होतं, बारा आकडेही मिळाले असते तर आईच्या आधारच्या खात्यात तो थेट शिरला असता. तो तसं करणाऱ्यातला नव्हता. पण नंबर त्याच्याऐवजी दुसऱ्या कुणाच्या हाती पडला असता तर, हा विचार मनातून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी बँक. आधारचं काम कितीही दिवस चालो, बँकेचे मेसेज आजच थांबायला हवे होते. इथे एक गोष्ट कळली. बँकेला पत्ता बदलायला आधार हवं होतं, पण नंबर बदलायला नको होतं. आईचं पासबुक, सही, एक पानी अर्ज, आणि आई स्वतः समोर. दोन दिवसांनी आईच्या नव्या नंबरवर बँकेचा मेसेज आला. हे सिम आईच्या स्वतःच्या नावावर घेतलं होतं. माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं की सगळीकडे माझाच नंबर देऊन टाक, आईला ओटीपी बघता येत नाहीत. मी ऐकलं नाही. कुणाचा तरी दुसऱ्याचा नंबर दिल्यामुळेच तर हे सगळं सुरू झालं होतं.

मग आधार. मोबाइल नंबर बदलायचा, तर त्या वेळी घरबसल्या बदलण्याचा मार्ग साइटवर नव्हता, आणि त्यामागचं कारण साधं आहे. साइटला तुमची एकच ओळख पटते, ती म्हणजे जुन्या नंबरवर गेलेला ओटीपी. तोच नंबर हातात नसेल तर मग ओळख पटवायला राहतात बोटं, डोळे आणि चेहरा, आणि ते यंत्रासमोर नेऊन ठेवावे लागतात. हे एकदा ध्यानात आलं की कोण खरं सांगतंय आणि कोण फसवतंय हेही कळायला लागतं. आमच्या कोपऱ्यावरच्या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्याने सांगितलं, "आधारची झेरॉक्स आणि चारशे रुपये ठेवून जा, दोन दिवसांत लिंक करून देतो." "आईला आणायला नको?" "कशाला उगाच म्हातारीला त्रास?" झेरॉक्स परत घेऊन मी निघाले.

केंद्रावर जायचं नसेल तर आणखी एक खरा पर्याय आहे. २०२१ पासून पोस्टमन घरी येऊन आधारचा मोबाइल नंबर बदलून देतो, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या मार्फत. आईचे गुडघे दुखतात म्हणून मी आधी पोस्टातच विचारायला गेले. तिथल्या माणसाने पहिलाच प्रश्न केला, "बोटं उठतात का त्यांची?" पोस्टमनकडच्या छोट्या यंत्रावर बोटाचा ठसा घ्यायचा असतो. आईची बोटं रेशनच्या दुकानातही धड उठत नाहीत. ज्यांची उठतात त्यांनी जरूर बोलवावं. आम्ही केंद्र गाठायचं ठरवलं.

केंद्र कुठे आहे ते शोधायला इस्रोच्या भुवन नकाशावर आधारचं पान आहे, पिनकोड टाकला की जवळची केंद्रं दिसतात. बँकांमध्ये आणि पोस्टातही केंद्रं असतात. मी मोठ्या सेवा केंद्राची वेळ घेतली, appointments.uidai.gov.in वरून. तिथे ओटीपी कुठल्याही चालू नंबरवर येतो, आधारला जोडलेल्याच नंबरवर यावा असं काही नाही. हे मुद्दाम सांगते, कारण ओटीपी म्हटलं की आपली गाडी इथेच अडणार असं वाटून माझ्या एका मैत्रिणीने वेळच घेतली नव्हती.

मी अर्ज भरला आणि एका दगडात दोन पक्षी म्हणून नंबर आणि पत्ता दोन्ही लिहिले. एकाच वेळी कितीही तपशील बदलले तरी शुल्क एकच, तेव्हा पन्नास रुपये होतं. (१ ऑक्टोबर २०२५ पासून ते पंचाहत्तर झालंय.) पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचं बिल नेलं होतं.

टोकन मिळालं आणि पहिल्या खिडकीवरच बिल परत आलं. "हे कुणाचं नाव?" माझ्या नवऱ्याचं. "आजींच्या नावाचं काहीतरी हवं." आईच्या नावाचं या पत्त्यावर काय असणार? वीज जावयाच्या नावावर, गॅस माझ्या नावावर. भाडेकरार नाही, लेकीच्या घरी भाडं कसलं? बँकेचं पासबुक चालतं, पण बँक म्हणते आधी आधारवर पत्ता आणा. आधार म्हणतं आधी पासबुकावर पत्ता आणा. मी हे खिडकीवरच्या मुलीला जरा चढ्या आवाजातच सांगितलं. तिला ते रोजचंच असावं. ती म्हणाली, "मग यूआयडीएआयच्या नमुन्यातला दाखला आणा. राजपत्रित अधिकारी, आमदार, नगरसेवक, कुणाचाही चालेल. फोटोवर अर्धा शिक्का हवा, आणि सहीपासून तीन महिन्यांच्या आत."

आमच्याकडे नगरसेवकांची मुदत कधीच संपली होती आणि पालिकेवर प्रशासक बसला होता. राजपत्रित अधिकारी ओळखीत नाही. आमदारांच्या कार्यालयात जाऊन दाखला आणणं जमलं असतं, पण त्यासाठी आजची वेळ सोडून परत कधीतरी यायचं होतं. आई तोपर्यंत खुर्चीत बसून गुडघा चोळत होती.

तेव्हा त्या मुलीनेच सुचवलं, आणि मला वाटतं या सगळ्या धावपळीत मला मिळालेली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच. "ताई, पत्ता खोडा. आज फक्त मोबाइल करून जा. मोबाइलला कागदच लागत नाही. एकदा तो झाला की पत्ता घरून करता येईल." मी विचारलं, दोन्ही एकत्र टाकून पत्त्याचं काय ते नंतर बघितलं तर? "पत्त्याचा कागद नापास झाला की अख्खं पॅकेट रिजेक्ट होतं. मोबाइल पण गेला."

पन्नास रुपये वाचवण्याच्या नादात मी काय करायला निघाले होते ते तेव्हा कळलं. मोबाइल नंबर ही आधारमधली अशी गोष्ट आहे की तिला पुरावा माणूस स्वतःच असतो. पत्त्याला कागद लागतो, आणि कागद वरच्या कार्यालयात कुणीतरी तपासतं. कागदाचं घोडं मोबाइलच्या गाडीला जुंपलं की दोन्ही अडतात. मी पत्त्याच्या ओळीवर काट मारली.

आतल्या टेबलावर एक मुलगा बसला होता. त्याने आईचा उजवा अंगठा काचेवर ठेवायला सांगितला. लाल. तर्जनी. लाल. त्याने एक ओलसर फडकं दिलं, आईने बोटं पुसली, परत. लाल. चाळीस वर्षं भांडी, धुणं, भाकरी. बोटांवरच्या रेषा पार गुळगुळीत झाल्यात. आई प्रत्येक वेळी जास्त जोर लावत होती आणि त्याने ठसा आणखी फिस्कटत होता. मुलगा म्हणाला, "आजी, दाबू नका. नुसतं टेकवा, पाखरावर हात ठेवल्यासारखा." तरी नाहीच. दहाही बोटं झाली. आईचा चेहरा पडला. परीक्षेत नापास झाल्यासारखी ती माझ्याकडे बघायला लागली.

मुलाने दुर्बिणीसारखं एक यंत्र उचललं. बुबुळांचा फोटो. आईचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हणून मला धाकधूक होती. चष्मा काढायला लावला, खिडकीचा पडदा ओढला, कारण उजेड डोळ्यांत चमकत होता. "आजी, डोळे मोठ्ठे करा, रागावल्यासारखे." आईने खरंच डोळे वटारले. दुसऱ्याच खेपेला हिरवं झालं. आमच्यासारखी बोटं असतील तर बोटांवर अर्धा तास घालवण्याआधी स्वतःहून विचारावं की डोळ्यांचं यंत्र आहे का. ज्या छोट्या केंद्रावर ते नसेल तिथे वेळ वाया घालवण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे तोंड करून एक दुसरा स्क्रीन ठेवलेला असतो. बहुतेक लोक त्याच्याकडे बघतच नाहीत, मीही पहिल्यांदा नाही बघितलं. मुलगा म्हणाला, "तपासा." नंबरात सातच्या जागी एक पडला होता. अर्जात मी सातला आडवी रेघ न देता लिहिलं होतं, चूक अर्धी माझीच. तो एक तसाच गेला असता तर आईचं आधार आणखी एका अनोळखी माणसाच्या फोनला जाऊन चिकटलं असतं, आणि हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्याने दुरुस्त केलं. मी आकडे एकेक करून मोठ्याने वाचले, त्याने मान डोलावली आणि शेवटी स्वतःचं बोट लावून अर्ज बंद केला. त्याचं बोट लागेपर्यंत काहीही बदलता येतं. नंतर काही सुधारायचं तर नवा अर्ज आणि पुन्हा शुल्क.

हातात पावती आली. तिच्यावर चौदा आकडी नोंदणी क्रमांक आणि शेजारी तारीख-वेळ असते. ती जपून ठेवायची. पुढे काय झालं ते याच आकड्यांनी बघायचं, साइटवर किंवा १९४७ ला फोन करून. पावतीवर नवा नंबर पुन्हा एकदा वाचला. नव्वद दिवसांपर्यंत लागू शकतात असं सांगितलं होतं. आम्हाला सहा लागले. मी रोज सकाळी तो `Check Aadhaar Validity` चा खेळ करत होते. पाच दिवस बाबांचेच तीन आकडे दिसत राहिले, सहाव्या दिवशी आईचे आले. आईला सांगितलं तर ती नुसतं "बरं" म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

त्या मुलाला मी फोन करून सांगितलं की आता आधारचे ओटीपी येणार नाहीत. तो म्हणाला, बँकेचेही बंद झालेत. मग थोडं थांबून म्हणाला, "एलआयसीचा येतो पण कधीकधी, आणि गॅसचा." ती यादी मी लिहून घेतली. बाबांचा नंबर कुठे कुठे दिला होता हे आम्हाला कुणालाच आठवत नव्हतं, त्याच्या इनबॉक्सला मात्र सगळं माहीत होतं.

आता पत्ता. या वेळी ओटीपी आईच्याच फोनवर आला, तिने स्वतः वाचून सांगितला, एकेक आकडा सुटा करत. पत्ता बदलण्याच्या पानावर दोन वाटा आहेत. एक स्वतःच्या कागदावर, दुसरी `Head of Family` म्हणजे कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून. ही दुसरी वाट २०२३ पासून आहे आणि आईसारख्यांसाठीच आहे. ज्यांच्या नावाचा एकही कागद घरात नसतो, पण ज्यांच्या घरात ते राहतात त्या माणसाच्या आधारवर पत्ता बरोबर असतो. कुटुंबप्रमुख या शब्दाला घाबरू नये. अठरा वर्षांवरचा कुणीही चालतो, लेकसुद्धा. मी आईची कुटुंबप्रमुख झाले याची नवऱ्याने आठवडाभर चेष्टा केली.

यात माझा आधार नंबर टाकायचा, नातं निवडायचं आणि नात्याचा पुरावा जोडायचा. त्या पुराव्यावर दोघींची नावं हवीत. मी माझा जन्मदाखला जोडला. त्यावर आईचं नाव आहे, माझं आहे. पन्नास रुपये भरले. अर्ज माझ्या खात्यात मंजुरीला आला, मी लॉगिन करून संमती दिली. इथे लक्ष ठेवावं लागतं. तीस दिवसांत प्रमुखाने हो म्हटलं नाही तर अर्ज आपोआप बंद होतो आणि पैसे परत मिळत नाहीत. मी दहा मिनिटांत दिली आणि निश्चिंत झाले.

बारा दिवसांनी नामंजूर. कारण वाचलं आणि कपाळावर हात मारला. जन्मदाखल्यावर माझं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. कागद खरा होता, नातं खरं होतं, पण तपासणाऱ्यासमोर त्या दोन वेगळ्या बायका होत्या. ज्या बायकांनी लग्नानंतर नाव बदललंय त्यांनी जन्मदाखला जोडायच्या आधी हे बघावं. मी घरातले सगळे कागद पलंगावर पसरले. रेशनकार्डावर आई नाही. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर आईचं नाव नाही. शेवटी पासपोर्ट. शेवटच्या पानावर वडील, आई, नवरा, सगळी नावं होती, आणि पहिल्या पानावर माझं सासरचं. आईच्या नावाचं स्पेलिंग तिच्या आधारशी अक्षर न अक्षर ताडून पाहिलं, तेही नशिबाने जुळत होतं. पासपोर्ट नसता तर कुटुंबप्रमुखाने यूआयडीएआयच्या नमुन्यात स्वतःचं घोषणापत्र देण्याचीही सोय आहे. मला ते नंतर कळलं. दोन्ही पानं एका पीडीएफमध्ये जोडली आणि दुसऱ्यांदा पन्नास रुपये भरले.

या वेळी नऊ दिवस लागले. आईच्या फोनवर मेसेज आला. ई-आधार उतरवून घेतलं. ते उघडायला पासवर्ड लागतो, नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्ष. पत्ता इकडचा. आधार नंबर अर्थातच तोच, तो कधी बदलत नाही.

एकंदर हिशोब केला तर केंद्रावरचे पन्नास, नामंजूर झालेल्या अर्जाचे पन्नास, मंजूर झालेल्याचे पन्नास. दीडशे रुपये आणि जवळपास पाच आठवडे. पहिल्याच दिवशी पासपोर्ट सुचला असता तर शंभरात आणि तीन आठवड्यांत झालं असतं.

डिसेंबरच्या शेवटी आईला घेऊन बँकेत गेले. तीच बाई. तिने ई-आधारचा कागद बघितला, पत्ता टाइप केला, आईची बोटं न मागता नुसती सही घेतली याबद्दल मी मनात तिचे आभार मानले. शाखा बदलायचा अर्ज भरताना तिने मान वर न करता विचारलं, "मोबाइल नंबर?"

मी पर्समधली चिठ्ठी शोधेपर्यंत आईने दहाही आकडे एका दमात सांगून टाकले. बाबांचा नंबर.

बाईने लिहिलाही. मी तो खोडायला लावला आणि खाली नवीन लिहून दिला, सातला आडवी रेघ देऊन.